न्यासाचा गाळा, जुने भाडे आणि नवे पत्र

मंदिराच्या किंवा स्थानकाच्या रस्त्याकडील बाजूस चार-दोन गाळे असावेत, त्यांतील एकात पन्नास वर्षांपासून किराणा किंवा कापडाचे दुकान चालू असावे आणि महिन्याचे भाडे दीडशे रुपये असावे, हे चित्र बीड जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांना नवीन नाही. पावती पुस्तकावर आजही आजोबांचे नाव असते आणि गल्ल्यावर नातू बसलेला असतो. वार्षिक हिशेब तपासताना लेखापरीक्षक विचारतात, ‘एवढ्या मोक्याच्या जागेचे उत्पन्न इतके अल्प का?’ विश्वस्तांपाशी उत्तर नसते. मग सभेत कोणीतरी सुचवतो की, पुढच्या महिन्यापासून पाच हजार मागावेत, नाही तर गाळा रिकामा करण्यास सांगावे. बहुतेक न्यासांचे भांडण नेमके या वाक्यापासून सुरू होते, आणि पुढे ते दिवाणी न्यायालयात दहा-पंधरा वर्षे रेंगाळते.

पत्र लिहिण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. न्यासाने भाड्याने दिले आहे ते काय, बांधलेला गाळा की मोकळी जागा? बोलण्यात दोन्हींना ‘ट्रस्टची जागा’ म्हटले जाते. परंतु कायद्याच्या दृष्टीने हे दोन निराळे विषय आहेत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यापूर्वी मुंबई-पुण्यास १९४७ चा मुंबईचा कायदा होता, विदर्भात १९४९ चा आदेश होता, आणि बीडसह मराठवाडा पूर्वी हैदराबाद राज्यात असल्यामुळे येथे हैदराबादचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा चालत असे. तिन्ही रद्द होऊन एकच कायदा आला. त्यामागे मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९९७ मधील निर्णय होता. १९४० च्या सुमारास गोठवलेले भाडे आरंभी वाजवी असले, तरी काळाच्या ओघात तीच तरतूद अन्याय्य झाली, असे न्यायालयाने म्हटले. भाडेकरूला संरक्षण हवे, पण मालकाचे उत्पन्न कायमचे गोठवणे नको, हा त्या निर्णयाचा गाभा होता. नव्या कायद्यात वार्षिक वाढीचे कलम आले ते या पार्श्वभूमीवर.

आता या कायद्यातील ‘जागा’ या शब्दाची व्याख्या पाहावी. ती इमारतीची किंवा इमारतीच्या भागाची आहे. १९४७ च्या मुंबई कायद्यात शेतीसाठी न वापरलेली मोकळी जमीनही येत असे. १९९९ च्या व्याख्येत ती नाही. म्हणून न्यासाने बांधलेला गाळा या कायद्याखाली येतो. मात्र न्यासाच्या मोकळ्या जमिनीवर भाडेकरूने स्वखर्चाने पत्र्याचे शेड किंवा पक्के दुकान उभारले असेल, तर जमिनीचे भाडे सामान्यतः मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ आणि उभयतांतील करार यांवर चालते. गाव अधिनियमाच्या अनुसूचीत आहे की नाही, हेही प्रथम पाहून घ्यावे. ‘आपला धर्मादाय न्यास आहे, आपल्याला भाडे नियंत्रण लागू नाही’ असा समज मात्र सोडून द्यावा. काही प्रकारच्या न्यास-मालमत्तांना सूट देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. तसा आदेश निघालेला नसेल तर न्यासही इतर मालकांसारखाच घरमालक ठरतो.

बांधलेल्या गाळ्याचे उदाहरण आकड्यांत पाहू. गाळा न्यासाने १९७० च्या दशकात बांधला, आणि १ ऑक्टोबर १९८७ रोजी त्याचे भाडे दरमहा १५० रुपये होते. न्यायालयाने पूर्वी प्रमाणभाडे ठरवलेले नसेल, तर कायद्याप्रमाणे या दिवशीच्या भाड्यात पाच टक्के मिळवून प्रमाणभाडे निघते. ते झाले १५७ रुपये ५० पैसे. अधिनियम लागू झाल्यानंतर मालकास दरवर्षी चार टक्के वाढ करण्याचा हक्क आहे. सरळ पद्धतीने ही वाढ वर्षाला ६ रुपये ३० पैसे होते. ३१ मार्च २००० पासून १ एप्रिल २०२६ पर्यंतची सव्वीस वर्षे धरली तर १६३ रुपये ८० पैसे; एकूण भाडे ३२१ रुपये ३० पैसे. चक्रवाढीने आकारणी केली तर आकडा सुमारे ४३७ रुपयांवर जातो. कलमात चक्रवाढीचा शब्द नाही, म्हणून न्यासाने सरळ वाढीचाच आकडा धरणे शहाणपणाचे. कोणतीही पद्धत घेतली तरी सभेत उच्चारलेले पाच हजार कोठेच येत नाहीत. प्रमाणभाडे आणि अनुज्ञेय वाढ यांच्यापेक्षा अधिक भाडे मागणे किंवा घेणे याच कायद्याने बेकायदेशीर ठरवले आहे. पाच हजारांची नोटीस म्हणजे न्यासाने स्वतःच्या हस्ताक्षरात दिलेला पुरावाच होय.

हे वाचून विश्वस्तांचा हिरमोड होणे स्वाभाविक आहे. परंतु आणखी दोन वाटा खुल्या आहेत. न्यासाने गाळ्याची मोठी संरचनात्मक दुरुस्ती केली असेल, तर त्यापोटी प्रमाणभाड्याच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढ कायद्यात आहे; त्यासाठी कामाची बिले व देयके फाइलला असावी लागतात. दुसरी वाट न्यायालयाची. गाळा कोणे एके काळी केवळ नाममात्र भाड्याने दिलेला असेल किंवा भाड्याच्या रकमेविषयीच वाद असेल, तर प्रमाणभाडे ठरवून देण्याचा अधिकार न्यायालयास आहे, आणि बीडसारख्या ठिकाणी असा अर्ज दिवाणी न्यायाधीशांपुढे जातो. भाडेकरूलाही हाच दरवाजा उघडा आहे, ही गोष्ट न्यासाच्या पत्रात लिहिण्यास संकोच वाटू नये.

मोकळ्या जमिनीवर चित्र उलटे होते. तेथे लेखी करार नसेल व भाडे महिन्याचे असेल, तर पंधरा दिवसांच्या नोटिशीने भाडेपट्टा संपवण्याचा अधिकार न्यासाकडे आहे. ज्याने लाखो रुपये घालून दुकान उभारले, त्याला जमीन सोडताना स्वतःचे शेड काढून नेता येते, एवढेच काय ते त्याचे संरक्षण. अशा वेळी न्यासाच्या हातात दंडुका मोठा असतो, म्हणून पत्र अधिक सौम्य असावे लागते. पंधरा दिवसांचा उल्लेख करून भाडे वाढवून घेणे कायदेशीर दिसले तरी ते दडपणच आहे; अशी संमती पुढे कोणी ‘धाक दाखवून घेतली’ म्हणाला तर न्यासाची अडचण होते. त्याऐवजी आसपासच्या दोन-तीन तत्सम जागांचे भाडे आणि नोंदणी विभागाचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता समोर ठेवून, शक्य असल्यास नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेऊन, प्रस्ताव द्यावा. समजा दोनशे रुपयांवर असलेल्या जागेचे वाजवी भाडे पंधराशे निघाले. पहिल्या वर्षी सहाशे, दुसऱ्या वर्षी हजार व तिसऱ्या वर्षी पंधराशे अशी पायरी दुकानाला झेपते, आणि तीन वर्षांत न्यासालाही योग्य उत्पन्न मिळते. तीन वर्षे ही मर्यादाही विचारपूर्वक घ्यावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची असल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. मंजुरीविना दहा वर्षांचा करार करून बसलेले न्यास आणि त्यावर भरवसा ठेवून दुकानात पैसा ओतलेले व्यापारी, दोघेही नंतर पस्तावतात.

मराठवाड्यात याला जोडून एक खास अडचण असते. जमिनीच्या सातबाऱ्यावर इनाम किंवा खिदमतमाश असा शेरा असेल तर न्यासाला ती जमीन भाड्याने देण्याचा अधिकारच किती, हा आधीचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा भाडेवाढीचा ठराव करण्यापूर्वी ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि न्यासाच्या नोंदवहीचे परिशिष्ट एक समोरासमोर ठेवून, जमीन तेथे न्यासाच्या नावे आहे ना, हे पाहावे. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे; न केल्यास प्रतिवादी ते न्यायालयात करतोच.

इथून पुढे पत्राची तयारी. विश्वस्त मंडळाच्या सभेत विषयपत्रिकेवर हा विषय असावा, ठरावात जुना आकडा, नवा आकडा, आकारणीची रीत आणि अंमल-दिनांक लिहावा, आणि पत्रावर सही करण्याचा अधिकार एका विश्वस्तास नावानिशी द्यावा. आपल्या समाजात भाडेकरू हा विश्वस्ताचा मेहुणा किंवा भागीदार असणे दुर्मीळ नाही. तसे असेल तर त्या विश्वस्ताने त्या चर्चेत बसू नये, आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. यामागे केवळ शिष्टाचार नाही; विश्वस्ताच्या किंवा त्याच्या नातेवाइकाच्या वापरासाठी न्यासाची मालमत्ता पुरेसे भाडे न घेता दिली, तर प्राप्तिकरातील सवलत धोक्यात येऊ शकते.

पत्र कोणाच्या नावे काढावे, हाही लहान वाटणारा पण महत्त्वाचा मुद्दा आहे. दिवंगत आजोबांच्या नावाने काढलेली नोटीस निरुपयोगी असते. मूळ भाडेकरूच्या निधनानंतर त्याच्याबरोबर त्या जागेत व्यवसाय करणाऱ्या कुटुंबीयांना कायदा भाडेकरू मानतो. म्हणून दुकानात बसणाऱ्यास आणि माहीत असलेल्या इतर वारसांसही पत्र पाठवावे, आणि पावती यापुढे कोणाच्या नावे हवी, हे त्यांनाच लेखी विचारावे.

भाडेवाढीचे पत्र आणि थकबाकीची मागणी-नोटीस या दोन गोष्टी एकत्र करू नयेत, यावर जितका भर द्यावा तितका थोडा. कायद्यानुसार भाडेकरू प्रमाणभाडे व अनुज्ञेय वाढ देत असेल किंवा देण्यास तयार असेल तोवर मालकास ताबा मागता येत नाही. भाडे थकले तर लेखी मागणी-नोटीस द्यावी लागते आणि ती बजावल्यापासून नव्वद दिवस उलटल्याशिवाय त्या कारणावर दावा चालत नाही. जे भाडे अजून लागूच झालेले नाही त्याची थकबाकी कोठून येणार? तरीही अनेक पत्रांत पहिल्या परिच्छेदात वाढ आणि दुसऱ्यात ‘अन्यथा जागा खाली करावी’ असे असते. दुसरा परिच्छेद पहिल्याचे मोल घालवतो.

मागील सव्वीस वर्षांच्या फरकाची मागणीही त्याच जातीची. वाढ करण्याचा हक्क न्यासाने इतकी वर्षे वापरला नाही. भाडेकरूने न मागितलेले पैसे दिले नाहीत, यात त्याचा दोष नाही. पुढील दिनांकापासून वाढ लागू करावी आणि मागचा फरक मागितला जाणार नाही असे स्पष्ट लिहावे. मागच्या वर्षांची वाढ नव्या आकड्यात धरण्यावरही भाडेकरू हरकत घेऊ शकतो, आणि म्हणूनच आकारणी झाकून न ठेवता पत्रातच उघडी मांडावी.

बांधलेल्या गाळ्यासाठी पत्राचा मसुदा असा करता येईल.

‘जावक क्रमांक ....., दिनांक .....

श्री. ..... यांस, गाळा क्रमांक ....., ..... रोड, ..... (जिल्हा बीड).

विषय : गाळ्याच्या मासिक भाड्यातील अनुज्ञेय वाढीबाबत.

महोदय, न्यासाच्या मालकीचा उपरोक्त गाळा आपल्या कुटुंबाकडे व्यवसायासाठी भाड्याने आहे. सध्याचे मासिक भाडे रुपये १५० आहे. विश्वस्त मंडळाने दिनांक ..... च्या सभेतील ठराव क्रमांक ..... अन्वये, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील तरतुदीस अनुसरून, दिनांक १ एप्रिल २०२६ पासून हे भाडे दरमहा रुपये ३२१.३० करण्याचे ठरवले आहे. आकारणी अशी : दिनांक १ ऑक्टोबर १९८७ रोजीचे भाडे रुपये १५०; त्यावर पाच टक्के रुपये ७.५०, या रुपये १५७.५० वर दरवर्षी चार टक्के सरळ वाढ, सव्वीस वर्षांची, रुपये १६३.८०.

या दिनांकापूर्वीच्या काळासाठी कोणताही फरक मागण्यात येणार नाही. नगरपरिषदेचे कर या रकमेत अंतर्भूत आहेत.

ही आकारणी आपणास मान्य नसल्यास, किंवा १९८७ चे भाडे वेगळे असल्याची पावती आपल्याकडे असल्यास, हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कळवावे. न्यासाच्या दप्तरातील भाडे-नोंदवही व पावत्यांची स्थळप्रत आपण किंवा आपले वकील कार्यालयीन वेळेत पाहू शकता. आपले म्हणणे मंडळापुढे ठेवून लेखी उत्तर दिले जाईल. प्रमाणभाडे सक्षम न्यायालयाकडून ठरवून घेण्याचा आपला हक्क अबाधित आहे. निर्णय होईपर्यंत सध्याचे भाडे पूर्ववत स्वीकारले जाईल व त्याची पावती दिली जाईल. त्यामुळे कोणत्याही पक्षाच्या हक्कास बाध येणार नाही.

हे पत्र केवळ भाड्याच्या रकमेविषयी आहे. आपला भाडेहक्क, दुकानाचा वापर, पाणी व वीज यांवर त्याचा परिणाम नाही.

विश्वस्त मंडळाच्या वतीने, .....’

या मसुद्यातील कराविषयीचे वाक्य प्रत्येक न्यासाने आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलावे. नगरपरिषदेने कर वाढवला असेल आणि तो भाडेकरूवर बसवायचा असेल, तर बिलाची प्रत जोडून तो आकडा वेगळा दाखवावा. भाड्यात मिसळू नये.

पत्रातून काय वगळले आहे, हेही पाहण्यासारखे आहे. त्यात ‘समाजहितासाठी’, ‘धर्मकार्यास हातभार’, ‘आपण संघाचे सदस्य असल्याने अपेक्षा आहे’ अशी वाक्ये नाहीत. देणगी मागताना ती शोभतात. भाड्याच्या पत्रात ती आली की साधर्मिक भाडेकरूला नकार देणे अवघड होते, आणि शेजारच्या गाळ्यातील अन्यधर्मीय भाडेकरूला ती वाक्ये लागूच पडत नाहीत. एकाच आवारातील दोन दुकानदारांना दोन सुरांतील पत्रे गेली, तर न्यासाचा निःपक्षपातीपणा तेथेच संपतो. त्याच कारणाने भाडेकरूंची नावे चातुर्मासातील सभेत वाचून दाखवणे, चार ज्येष्ठांनी एकदम दुकानावर जाणे किंवा आवारातील नळ ‘दुरुस्तीसाठी’ बंद ठेवणे हे प्रकार टाळावेत. अत्यावश्यक सेवा तोडणे किंवा रोखून धरणे तर कायद्यानेच निषिद्ध आहे.

वेळेचाही विचार हवा. जिल्ह्यातील मोंढ्यात कापूस-तुरीच्या हंगामात दुकानदारास मान वर करायला फुरसत नसते, आणि दिवाळीच्या तोंडावर आलेले पत्र अपशकुनासारखे वाटते. १ एप्रिलपासून अंमल हवा असेल तर पत्र जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. म्हणजे तीस दिवसांच्या उत्तरानंतरही मंडळास विचार करण्यास दीड महिना उरतो. पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवावे, दुसरी प्रत शिपायामार्फत दुकानावर देऊन स्थळप्रतीवर सही व दिनांक घ्यावा. सही देण्यास कोणी नकार दिला तर आग्रह धरू नये. टपालाची पावती पुरेशी असते.

भाडेकरूच्या बाजूनेही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण या मासिकाच्या वाचकांत विश्वस्तांइतकेच भाडेकरूही आहेत. पत्र आले म्हणून भाडे देणे थांबवू नये. हीच चूक पुढे थकबाकीचा दावा उभा करते. आकडा मान्य नसेल तर जुने भाडे वेळेवर द्यावे आणि हरकत लेखी द्यावी. कोणी भाडे घेण्याचे नाकारले तर मनिऑर्डरने पाठवून तिची पावती जपावी. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, न्यासावरही. १९८७ च्या आसपासची एखादी जुनी पावती घरातील वह्यांत सापडली तर तिच्यावर संपूर्ण आकारणी फिरू शकते. समजा त्या पावतीवर १५० ऐवजी १२० रुपये निघाले, तर प्रमाणभाडे १२६ रुपये होते, सव्वीस वर्षांची वाढ १३१ रुपये ४ पैसे आणि नवे भाडे २५७ रुपये ४ पैसे. न्यासाने ती पावती पाहून, तिची प्रत फाइलला लावून, पुढील सभेत दुरुस्तीचा ठराव करावा आणि सुधारित पत्र त्याच जावक क्रमांकाचा संदर्भ देऊन पाठवावे.

गाळ्यांचे लेखी करार नसतील तर याच निमित्ताने ते करून घ्यावेत. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे; तो नोंदवलेला नसेल तर अटींविषयीच्या वादात, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोंदणीचा खर्च कोणी करायचा हे आधी ठरवावे, आणि नूतनीकरणाची मुदत धरून एकूण कालावधी तीन वर्षांच्या आत राहील, हे करारावर सही करण्यापूर्वी विश्वस्तांनी पुन्हा एकदा मोजून पाहावे.